ईसॉपवरील कर : एक्सरसाइजच्या वेळी पगारात, विक्रीच्या वेळी भांडवली नफ्यात

कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचा जो हक्क कर्मचाऱ्याला मिळतो, त्या ईसॉपवर कर एकदाच लागतो, असे समजून बरेच जण तो हक्क वापरण्याचा, म्हणजे एक्सरसाइजचा, अर्ज पहिल्यांदा भरतात. प्रत्यक्षात तो दोनदा लागतो, दोन वेगळ्या शीर्षांखाली आणि दोन वेगळ्या दरांनी. पहिल्यांदा तो शेअर हातात पडतात तेव्हा पगाराचा भाग म्हणून आकारला जातो आणि दुसऱ्यांदा ते शेअर विकले जातात तेव्हा भांडवली नफा म्हणून. कर दोनदा लागत असला तरी एकाच रुपयावर तो दोनदा लागू नये अशी तजवीज कायद्यात आहे, मात्र तिचा लाभ आपोआप मिळत नाही. विवरणपत्र भरताना योग्य आकडा करदात्यालाच लिहावा लागतो, आणि नेमका तोच आकडा लिहायचा राहतो. एक्सरसाइजपासून विक्रीपर्यंतच्या पायऱ्या या लेखात क्रमाने दिल्या आहेत. उदाहरण पुण्यातील एका नोंदणी न झालेल्या, म्हणजे शेअर बाजारात सूचिबद्ध नसलेल्या खासगी सॉफ्टवेअर कंपनीचे घेतले आहे, कारण नवख्या माणसाची सर्वाधिक अडचण अशाच कंपन्यांच्या शेअरांत होते.

येथे दिलेले कलमांचे क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे आहेत, कारण उदाहरणातले सगळे व्यवहार त्याच्या अमलात झालेले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने तेथून पुढच्या व्यवहारांसाठी कलमांचे क्रमांक बदलतात आणि ‘आकारणी वर्ष’, म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष, हा शब्दही जातो, एवढे ध्यानात ठेवावे.

पहिली पायरी : तारखा वेगळ्या करा

ईसॉपच्या प्रवासात ग्रँट, व्हेस्टिंग, एक्सरसाइज, अलॉटमेंट आणि विक्री असे पाच टप्पे येतात. ग्रँट म्हणजे कंपनीने दिलेले पत्र, ज्यात किती ऑप्शन आणि कोणत्या किमतीला, ते लिहिलेले असते. व्हेस्टिंग म्हणजे ते ऑप्शन वापरण्याचा हक्क मिळणे. कंपनी कायद्याखालील नियमांप्रमाणे ग्रँट आणि व्हेस्टिंग यांमध्ये किमान एक वर्षाचे अंतर असावे लागते. या दोन्ही टप्प्यांवर प्राप्तिकर लागत नाही. व्हेस्ट झालेले ऑप्शन पाच वर्षे तसेच पडून राहिले तरी त्यावर एक रुपयाही कर भरावा लागत नाही, कारण तोवर कर्मचाऱ्याच्या हातात शेअर नसून केवळ शेअर मागण्याचा हक्क असतो.

खरा प्रश्न एक्सरसाइज आणि अलॉटमेंट या दोन तारखांचा आहे. त्या एकच आहेत असे समजून लोक चालतात. एक्सरसाइजची तारीख म्हणजे कर्मचाऱ्याने अर्ज देऊन ठरलेली किंमत भरली तो दिवस. अलॉटमेंटची तारीख म्हणजे संचालक मंडळाने, किंवा त्याने नेमलेल्या समितीने, ठराव करून शेअर वाटले तो दिवस. सूचिबद्ध नसलेल्या कंपनीत या दोन तारखांमध्ये दोन-चार आठवड्यांचे अंतर सहज पडते, आणि त्यानंतर डिमॅट खात्यात शेअर जमा व्हायला आणखी काही दिवस जातात.

कायद्याने प्रत्येक तारखेला वेगळे काम दिले आहे. शेअरचे मूल्य ठरते ते एक्सरसाइजच्या तारखेला. लाभ कोणत्या आर्थिक वर्षाचा, हे ठरते अलॉटमेंटवरून, कारण कलम १७(२) मध्ये ‘वाटप किंवा हस्तांतर झालेल्या’ शेअरचे मूल्य करपात्र धरले आहे. आणि शेअर किती काळ बाळगला, त्याची मोजणीही अलॉटमेंटपासूनच सुरू होते. डिमॅट खात्यात शेअर दिसू लागल्याच्या तारखेला यातले कोणतेच काम दिलेले नाही, तरीही मोबाइलवरच्या अॅपमध्ये तीच ठळक दिसते आणि तीच धरली जाते.

आता उदाहरण घेऊ. बाणेरमधील एका कंपनीत काम करणाऱ्या एका अभियंतीकडे व्हेस्ट झालेले ८०० ऑप्शन होते आणि एक्सरसाइजची किंमत प्रत्येकी ५० रुपये होती. तिने २० मार्च २०२३ रोजी अर्ज दिला आणि ४०,००० रुपये भरले. संचालक मंडळाचा ठराव १२ एप्रिल २०२३ रोजी झाला. अर्ज मार्चमधला असला तरी वाटप एप्रिलमध्ये झाल्याने हा लाभ आर्थिक वर्ष २०२२-२३ चा न राहता २०२३-२४ चा झाला. तिने मात्र जुन्या वर्षाच्या फॉर्म १६ मध्ये तो शोधला, तेथे मिळाला नाही, आणि कंपनीचीच चूक झाली असे समजून मनुष्यबळ विभागाशी आठवडाभर पत्रव्यवहार केला.

दुसरी पायरी : एक्सरसाइजच्या दिवसाचे बाजारमूल्य मिळवा

पगारात धरल्या जाणाऱ्या लाभाचे गणित सरळ आहे. शेअरच्या योग्य बाजारमूल्यातून कर्मचाऱ्याने भरलेली किंमत वजा करायची आणि येणाऱ्या रकमेला शेअरच्या संख्येने गुणायचे. या रकमेला परक्विझिट म्हणतात. अडचण एवढीच की जो शेअर बाजारात विकलाच जात नाही, त्याचे बाजारमूल्य सांगायचे कोणी?

प्राप्तिकर नियमावलीतील नियम ३(८) याचे उत्तर देतो. कंपनी सूचिबद्ध नसेल तर हे मूल्य मर्चंट बँकरने ठरवायचे असते. तो सेबीकडे पहिल्या श्रेणीत नोंदणी झालेला असावा लागतो. कंपनीच्या सनदी लेखापालाचा दाखला या कामी चालत नाही. मूल्यांकन एक्सरसाइजच्या दिवसाचे असावे, किंवा त्यापूर्वी जास्तीत जास्त १८० दिवसांतले असावे. त्यामुळे बहुतेक कंपन्या वर्षातून एक-दोन वेळाच एक्सरसाइजची खिडकी उघडतात आणि एकाच अहवालावर सगळ्यांचे काम भागवतात. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने आधीच्या खिडकीत एक्सरसाइज केले असेल तर त्याचे मूल्य वेगळे असू शकते, आणि त्यात काही गैर नसते.

सूचिबद्ध कंपनीच्या बाबतीत हा खटाटोप नाही. एक्सरसाइजच्या दिवशी बाजारात उघडलेल्या आणि बंद झालेल्या भावाची सरासरी हेच बाजारमूल्य होय. शेअर एकाहून अधिक बाजारांत असेल तर ज्या बाजारात त्या दिवशी त्याची सर्वाधिक उलाढाल झाली तेथील भाव घ्यायचा.

वर्तमानपत्रात झळकणारे कंपनीचे मूल्य, म्हणजे अमुक गुंतवणूकदाराने अमुक कोटींच्या मूल्यावर पैसे ओतले ही बातमी, आपल्या गणितात वापरू नये. गुंतवणूकदार बहुधा विशेष हक्क असलेले प्राधान्य शेअर घेतात आणि कर्मचाऱ्याला साधे समभाग मिळतात. मर्चंट बँकरचा आकडा बातमीतल्या आकड्याहून कमी आला म्हणून दचकण्याचे कारण नाही. कमी आकडा येणे त्या दिवशी तरी कर्मचाऱ्याच्या फायद्याचेच असते.

उदाहरणातील कंपनीच्या मर्चंट बँकरने मूल्य ७०० रुपये ठरवले होते. म्हणजे प्रत्येक शेअरमागे लाभ ६५० रुपये, आणि ८०० शेअरांवर ५,२०,००० रुपये. हा ७०० चा आकडा वहीत लिहून ठेवावा. मर्चंट बँकरच्या अहवालाची प्रत, ती कंपनी देत नसेल तर निदान मूल्य आणि तारीख नमूद केलेले कंपनीचे पत्र, अलॉटमेंटच्या पत्राला जोडून ठेवावे. नोकरी सोडल्यावर तीन वर्षांनी हा कागद मागायला गेले की तो देणारा माणूस तेथे नसतो आणि ईसॉप सांभाळणारे सॉफ्टवेअरही बदललेले असते.

तिसरी पायरी : न विकलेल्या शेअरवरचा कर भरण्याची सोय करा

परक्विझिट पगारात मिळवले जाते आणि कलम १९२ प्रमाणे कंपनीला त्यावर टीडीएस कापावाच लागतो. आपल्या अभियंतीचा पगार त्या वर्षी २४ लाख होता. नव्या करप्रणालीत २०२३-२४ मध्ये १५ लाखांवरच्या उत्पन्नाला ३० टक्के दर होता, त्यामुळे पूर्ण परक्विझिट त्याच टप्प्यात आले. चार टक्के उपकर धरून दर ३१.२ टक्के होतो आणि कर १,६२,२४० रुपये. त्यात एक्सरसाइजचे ४०,००० मिळवले की २,०२,२४० रुपये तिच्या खिशातून गेले. बदल्यात हाती आला तो कागदावर ५,६०,००० रुपयांचा, पण त्या दिवशी कोणालाही विकता न येणारा शेअर.

हा कर भरायचा तीनपैकी एका मार्गाने. काही कंपन्या अलॉटमेंटपूर्वी कराची पूर्ण रक्कम कर्मचाऱ्याकडून आपल्या खात्यात जमा करून घेतात, काही ती एका महिन्याच्या किंवा दोन-तीन महिन्यांच्या पगारातून कापतात, आणि सूचिबद्ध कंपन्यांत मिळालेल्या शेअरांपैकी काही त्याच दिवशी विकून कर भागवला जातो. सूचिबद्ध नसलेल्या कंपनीत हा तिसरा मार्ग बंद असतो. म्हणून अर्ज देण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाला दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात : या खिडकीसाठीचे मूल्य किती धरले आहे, आणि कर कसा वसूल होणार आहे. पगाराच्या चिठ्ठीत हाती पडणारी रक्कम शून्य दिसल्यावर हा प्रश्न विचारणारे बरेच असतात. परक्विझिटमुळे एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर जात असेल तर अधिभारही लागतो आणि हिशेब आणखी जड होतो. अशा वेळी ऑप्शन दोन आर्थिक वर्षांत विभागून एक्सरसाइज करता येतील का, ते पाहावे.

नवउद्योगांना यात सवलत आहे असे सगळ्यांनी ऐकलेले असते, आणि ते अर्धेच खरे असते. ही सवलत फक्त कलम ८०-आयएसीखाली पात्र ठरलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळते. केवळ स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता असणे पुरत नाही. त्या कलमासाठी आंतर-मंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र लागते आणि ते मान्यताप्राप्त कंपन्यांपैकी थोड्यांकडेच असते. ज्यांच्याकडे ते आहे तेथे कर माफ होत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिने पूर्ण होणे, शेअर विकणे, किंवा नोकरी सोडणे, यांपैकी जे आधी घडेल तेथून १४ दिवसांत कंपनीने टीडीएस भरायचा असतो, आणि दर मात्र अलॉटमेंटच्या वर्षाचाच राहतो. आपल्या उदाहरणात कंपनी पात्र असती तर आकारणी वर्ष २०२४-२५ संपल्यापासूनचे ४८ महिने ३१ मार्च २०२९ रोजी भरले असते. पण तिने त्याआधी नोकरी बदलली असती तर १,६२,२४० रुपये त्याच वेळी देय झाले असते, शेअर विकला असो वा नसो. कंपनी पात्र आहे का, हे विचारताना ‘८०-आयएसीचे प्रमाणपत्र आहे का’ असेच विचारावे. ‘आपण स्टार्टअप आहोत ना’ या प्रश्नाला नेहमी होकारच मिळतो.

शेअर विकता येण्याची कोणतीही चिन्हे नसताना एक्सरसाइज करावे का, याचे उत्तर कायद्यात नाही. लवकर एक्सरसाइज केल्यास मूल्य कमी असते, म्हणून ३१.२ टक्क्यांचा कर कमी रकमेवर लागतो आणि पुढची वाढ कमी दराच्या भांडवली नफ्यात जाते, हा युक्तिवाद बरोबर आहे. पण त्यासाठी कर्मचारी आपली रोख रक्कम एकाच कंपनीत अडकवतो, जिच्यावर त्याचा पगारही अवलंबून असतो. माझ्या मते, बुडाली तरी घरखर्च चालेल अशीच रक्कम यात घालावी, आणि त्यासाठी कर्ज काढणे तर टाळावेच.

चौथी पायरी : फॉर्म १६ आणि फॉर्म १२बीए पडताळा

वर्ष संपल्यावर कंपनी जो फॉर्म १६ देते त्याच्या दुसऱ्या भागात पगाराखाली परक्विझिटची वेगळी ओळ असते, आणि त्याचा तपशील फॉर्म १२बीएमध्ये असतो. त्या तपशिलात शेअर ऑप्शनची ओळ शोधावी आणि तेथील रक्कम स्वतःच्या गणिताशी ताडून पाहावी. आपल्या उदाहरणात ती ५,२०,००० असली पाहिजे. ती ५,६०,००० दिसली तर कंपनीने भरलेली किंमत वजा केलेली नाही. शून्य दिसली तर लाभ बहुधा दुसऱ्या वर्षात गेला आहे. चूक सापडल्यास कंपनीकडून टीडीएसचे विवरण दुरुस्त करून घ्यावे. स्वतःच्या विवरणपत्रात वेगळा आकडा लिहून मोकळे झाले तर प्राप्तिकर विभागाच्या नोंदीशी तो जुळत नाही आणि पुढे नोटीस येते.

त्या वर्षापासून विवरणपत्राचा फॉर्मही बदलतो. सूचिबद्ध नसलेल्या कंपनीचा एक शेअर जरी वर्षात कधी नावावर असला तरी आयटीआर-१ भरता येत नाही. पगारदाराने आयटीआर-२ भरावा आणि त्यात अशा शेअरांचा वेगळा तक्ता भरावा : कंपनीचे नाव व पॅन, वर्षाच्या सुरुवातीची संख्या, वर्षात मिळालेले, विकलेले आणि शिल्लक. विक्री काहीच झाली नसली तरी हा तक्ता दरवर्षी भरायचा असतो.

पाचवी पायरी : विक्रीपूर्वी महिने मोजा

२०२५ च्या सुरुवातीला एका गुंतवणूकदाराने या कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून प्रत्येकी १,१५० रुपयांनी शेअर विकत घेण्याची तयारी दाखवली आणि कंपनीने व्यवहारासाठी दोन तारखा दिल्या : २५ मार्च आणि २२ एप्रिल. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी व्यवहार उरकावा म्हणून बहुतेकांनी पहिली तारीख निवडली. आपल्या अभियंतीचाही तोच विचार होता. तिच्या मते २० मार्च २०२३ पासून दोन वर्षे उलटून गेली होती आणि नफा दीर्घकालीन झाला होता.

मोजणी मात्र अलॉटमेंटपासून, १२ एप्रिल २०२३ पासून होते. सूचिबद्ध नसलेला शेअर दीर्घकालीन ठरण्यासाठी २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेला असावा लागतो. २५ मार्चला २४ महिने भरायला अजून अठराएक दिवस बाकी होते. २२ एप्रिलला ते भरून गेले होते.

दोन तारखांमधला फरक रुपयांत पाहू. विक्रीची रक्कम दोन्ही वेळा ९,२०,००० आणि नफा ३,६०,००० रुपये. तो कसा आला ते पुढच्या पायरीत येईल. २५ मार्चला तो अल्पकालीन ठरून इतर उत्पन्नात मिळाला असता आणि ३१.२ टक्क्यांनी १,१२,३२० रुपये कर लागला असता. २२ एप्रिलला तो दीर्घकालीन झाला. २३ जुलै २०२४ पासून अशा नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के कर लागतो, उपकर धरून १३ टक्के. म्हणजे ४६,८०० रुपये. चार आठवडे थांबल्याने ६५,५२० रुपये वाचले.

शेअर सूचिबद्ध असता तर १२ महिने पुरले असते. तेथे बाजारात, रोखे व्यवहार कर भरून विकल्यास अल्पकालीन नफ्यावर २० टक्के आणि दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला १.२५ लाखांपर्यंतची रक्कम सोडून उरलेल्यावर १२.५ टक्के असे दर आहेत. ही सव्वा लाखाची सूट सूचिबद्ध नसलेल्या शेअरवर मिळत नाही. हिंजवडीतल्या चहाच्या टपरीवर मात्र ती सगळ्यांना मिळते असेच ऐकायला मिळते. विदेशी मूळ कंपनीचा शेअर तिकडच्या बाजारात रोज विकला जात असला तरी भारतातील मान्यताप्राप्त बाजारात तो नसल्याने त्यालाही २४ महिन्यांचीच अट लागते, आणि निवासी करदात्याने तो विवरणपत्रातील विदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचा असतो.

खरेदीदार बाहेरचा गुंतवणूकदार आहे की कंपनी स्वतःच शेअर परत घेते आहे, हेही विचारून घ्यावे. दोन्हींना बोलताना ‘बायबॅक’च म्हटले जाते. १ ऑक्टोबर २०२४ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या नियमाप्रमाणे, आणि त्यात आपल्या उदाहरणातल्या विक्रीच्या दोन्ही तारखा येतात, कंपनीने स्वतः परत घेतलेल्या शेअरची संपूर्ण रक्कम लाभांश मानून टप्प्याच्या दराने करपात्र होत असे, खरेदीची किंमत वजा होत नसे आणि ती भांडवली तोटा म्हणून पुढे ओढावी लागे. तिला ९,२०,००० रुपये असे मिळाले असते तर सगळे गणितच पालटले असते.

सहावी पायरी : खरेदीची किंमत म्हणून ७०० लिहा

आता वहीत लिहून ठेवलेल्या आकड्याकडे वळू. शेअरसाठी हातातून प्रत्येकी ५० रुपये गेले, म्हणून खरेदीची किंमत ५० असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि कंपनीच्या पत्रावर, कधी डिमॅटच्या विवरणातही, तोच आकडा असतो. पण मधल्या ६५० रुपयांवर पगारातून कर आधीच भरलेला आहे. म्हणून कलम ४९(२एए) सांगते की ज्या बाजारमूल्यावरून परक्विझिट काढले, तेच मूल्य भांडवली नफ्यासाठी खरेदीची किंमत मानायचे.

त्याप्रमाणे विक्री ८०० गुणिले १,१५० म्हणजे ९,२०,०००, खरेदी ८०० गुणिले ७०० म्हणजे ५,६०,०००, आणि नफा ३,६०,०००. विक्रीसाठी थेट झालेला खर्च, जसे दलाली, यातून आणखी वजा होतो. रोखे व्यवहार कर वजा होत नाही. ५० रुपये धरून गणित केले असते तर नफा ८,८०,००० आणि कर १,१४,४०० आला असता, म्हणजे ६७,६०० रुपये जास्त. हा जास्तीचा कर परत मागावा असे विभाग आपण होऊन सांगत नाही, कारण करदात्यानेच तसा नफा जाहीर केलेला असतो. वार्षिक माहिती विवरणात विक्रीची नोंद दिसली तरी खरेदीची किंमत तेथून उचलू नये. मर्चंट बँकरच्या अहवालावरून आणि फॉर्म १२बीएवरून ती घ्यावी, आणि या दोन कागदांत मूल्य एकच आहे याची खात्री करावी.

एकाहून अधिक वेळा एक्सरसाइज केले असेल तर प्रत्येक वेळच्या शेअरांची किंमत आणि अलॉटमेंटची तारीख वेगळी असते. डिमॅटमधील शेअर विकताना त्या खात्यात जे आधी आले ते आधी गेले असेच धरावे लागते. महाग पडलेले आधी विकले, असे सोयीने ठरवता येत नाही. म्हणून चार स्तंभांचा एक साधा तक्ता करावा : अलॉटमेंटची तारीख, संख्या, एक्सरसाइजच्या दिवसाचे बाजारमूल्य, आणि शिल्लक.

विक्रीचा भाव ७०० च्या खाली गेला तर काय, हा यातला कडू भाग आहे. समजा तिला प्रत्येकी २०० रुपयेच मिळाले असते. हातातून गेलेल्या ५० च्या तुलनेत हा नफा दिसतो, पण कायद्याने तो प्रत्येकी ५०० रुपयांचा, एकूण ४,००,००० रुपयांचा भांडवली तोटा आहे. पगारात भरलेला १,६२,२४० रुपयांचा कर परत मिळत नाही आणि हा तोटा पगारातून वजाही होत नाही. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा होतो, आणि विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच तो पुढची आठ वर्षे ओढता येतो. ‘नफा झाला नाही, मग दाखवायचे काय’ म्हणून हा तोटा विवरणपत्रात न दाखवणारे पुढच्या वर्षांतली वजावटही गमावून बसतात.

सातवी पायरी : विक्रीवरचा कर वेळेत भरा

निवासी विक्रेत्याच्या भांडवली नफ्यावर खरेदीदार टीडीएस कापत नाही, आणि आतापर्यंत सगळा कर कंपनीने कापलेला असल्याने पगारदाराला आगाऊ कराची सवय नसते. टीडीएस वजा जाता वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक असेल तर तो हप्त्यांनी भरावा लागतो : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. एप्रिलमधल्या विक्रीसाठी तिला १५ जून २०२५ पर्यंत ४६,८०० चे १५ टक्के, म्हणजे ७,०२० रुपये, भरायचे होते. विक्री डिसेंबरात झाली असती तर आधीचे हप्ते चुकले असे धरले जात नाही. उरलेल्या हप्त्यांत तो कर भरला की त्या नफ्यापुरते हप्ता चुकल्याचे व्याज लागत नाही.

याहून सोपा मार्गही आहे. कर्मचारी आपले इतर उत्पन्न कंपनीला लेखी कळवू शकतो आणि कंपनी त्यावरचा कर उरलेल्या महिन्यांच्या पगारातून कापते. तिने हाच मार्ग धरला. जूनच्या पगारापासून दरमहा ४,६८० रुपये जादा कापले गेले आणि मार्च २०२६ पर्यंतच्या दहा महिन्यांत ४६,८०० रुपये पूर्ण झाले.